गाणी फोनमध्येच असतात, मुदत संपलेली असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अलीकडेच एका वाचकाचे पत्र आले होते. पैसे भरून डाउनलोड केलेली गाणी कंपनीने परस्पर फोनमधून पुसली, ही सरळसरळ चोरी आहे, असा त्यांचा सूर होता. माझे देवगडात मोबाइल विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते आणि ती घेऊन येणाऱ्यांत बोटीवर नोकरी करणारी मुले सर्वाधिक. त्यांचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या जागी निघतो आहे असे वाटते, म्हणून हे पत्र.

मुळात समजूत कुठे फसते ते सांगतो. स्मार्टफोन येण्याच्या आधी आमच्यासारख्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून दिली जायची. ते कायदेशीर नव्हते, हे आज सांगायला हरकत नाही. पण त्या कार्डातले गाणे म्हणजे एक साधी एमपी३ फाइल असे. ती कुठल्याही फोनात वाजायची, कॉम्प्युटरवर वाजायची, आणि कार्ड खराब होईपर्यंत तुमच्याकडे राहायची. आजच्या ॲपमध्ये खाली बाण असलेले बटण दाबले, की लोकांच्या डोक्यात तेच कार्ड असते.

प्रत्यक्षात फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी उतरतात. एक म्हणजे गाण्याची फाइल, पण ती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक स्वरूपात. ती दुसऱ्या फोनात नेली तर नुसता कचरा. दुसरी म्हणजे ते कुलूप उघडणारा परवाना. तो काही केबींचाच असतो, त्या फोनशी आणि त्या खात्याशी बांधलेला असतो, आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. गाणे लावताना ॲप आधी परवाना बघते, मुदत शिल्लक असेल तरच फाइल उघडते. मुदत वाढवून घ्यायची तर ॲपला कंपनीच्या सर्व्हरशी बोलावे लागते. हे बोलणे आपल्याला दिसत नाही, कारण गावात नेट असताना ते पाठीमागे आपसूक होत राहते. नेट बरेच दिवस नसले की मगच त्याचा पत्ता लागतो.

स्पॉटिफायने आपल्या मदतीच्या पानावर हे उघडपणे लिहिले आहे: 30 दिवसांतून किमान एकदा ऑनलाइन या, नाहीतर डाउनलोड राहणार नाहीत. कारणही दिले आहे. कलाकारांना मोबदला देण्यासाठी कोणते गाणे किती वेळा वाजले ही नोंद त्यांना लागते, आणि ऑफलाइन ऐकलेल्याची नोंद फोन नेटवर आल्यावरच पोचते. दुसरे कारण कुठलाही दुकानदार ओळखेल. तपासणी नसती तर एका महिन्याचे पैसे भरायचे, हजारो गाणी उतरवायची आणि फोन कायमचा एअरप्लेन मोडवर टाकायचा, असे निम्म्या लोकांनी केले असते. दर महिन्याला ताजा करावा लागणारा परवाना ही युक्ती नवी नाही. 2005 मध्ये नॅपस्टरने अमेरिकेत खिशातल्या प्लेअरसाठी अशीच मासिक योजना काढली होती, तेव्हाही प्लेअर वेळोवेळी कॉम्प्युटरला जोडला नाही तर गाणी गप्प व्हायची.

आता आमच्याकडचे एक उदाहरण. शेजारच्या गावचा एक मुलगा लोखंडाची माती वाहणाऱ्या मोठ्या जहाजावर आहे. वर्षाचे पैसे एकरकमी भरलेले. घरून निघताना माझ्याच दुकानातल्या वायफायवर त्याने सहाशेच्या आसपास गाणी उतरवली. मध्यम दर्जाला, म्हणजे 160 केबीपीएसला, पाच मिनिटांचे गाणे साधारण 6 एमबी होते, म्हणजे सगळी मिळून साडेतीन जीबीच्या वर. मग डेटा वाचावा म्हणून त्याने ॲपमधला ऑफलाइन मोड चालू केला. ब्राझीलमध्ये तो जहाजावर चढला, माल भरून होईपर्यंत घर सोडून आठवडा झाला होता. बंदरात त्याच्याकडे स्थानिक सिम होते आणि घरी रोज व्हिडिओ कॉल चालू होते, पण गाण्याचे ॲप ऑफलाइन मोडवरच होते, त्यामुळे त्याने सर्व्हरशी संपर्क केलाच नाही. फोन नेटवर असणे आणि ॲप नेटवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना माहीत नसते.

तिथून चीनपर्यंत पाच आठवड्यांहून जास्त प्रवास. आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागराच्या मधोमध आल्यावर घरच्या वायफायपासूनचे 30 दिवस भरले. चीन अजून दोन आठवडे लांब होता. यादीतली सगळी गाणी करडी पडली. जहाजावर नेट होते, पण कंपनीने त्यावर फक्त व्हॉट्सॲप आणि मेल एवढेच सोडलेले. गाण्याच्या ॲपला तिथून वाट नाही. त्याने मला व्हॉइस मेसेज टाकला, "दादा, वर्षाचे पैशे भरलेले आसत ना? मगे गाणी खंय गेली?"

मी त्याला एकच तपासायला सांगितले. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर जाऊन स्टोरेज बघ. आकडा होता तेवढाच होता, साडेतीन जीबीच्या वर. म्हणजे गाणी पुसली गेली नव्हती, फक्त परवान्याची मुदत संपली होती. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जागा तेवढीच व्यापलेली असेल तर घाईने ॲप काढून पुन्हा टाकू नये, 'क्लिअर डेटा' तर मुळीच करू नये, कारण मग फाइलीही जातात आणि सगळे पहिल्यापासून उतरवावे लागते. बहुतेक वेळा नेटवर येऊन ॲप उघडले, की काही मिनिटांत गाणी पुन्हा जिवंत होतात. जागा एकदम रिकामी झालेली दिसली तर मात्र ॲपने डाउनलोड खरोखर काढून टाकले असे समजावे. वर्गणी संपून खाते फुकटच्या योजनेवर गेले की हे घडते. मग पुन्हा पैसे भरले तरी गाणी नव्याने उतरवावी लागू शकतात.

या मुलाच्या बाबतीत एक गंमत अशी, की चीनच्या बंदरात पोचूनही काम झाले नाही. आपल्याकडची अनेक ॲप तिथल्या नेटवर उघडतच नाहीत. परतीच्या वाटेवर जहाज इंधनासाठी सिंगापूरला थांबले, तिथल्या सिमवर त्याने ऑफलाइन मोड बंद करून ॲप उघडले आणि सगळी यादी परत आली. ब्राझीलमधून निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने एकदा ॲप ऑनलाइन केले असते, तरी प्रवासाचा शेवटचा आठवडा गाण्यांविनाच गेला असता. 30 दिवसांची मुदत या नोकरीला पुरतच नाही.

वर्गणी बुडण्याचेही बोटीवर वेगळे दुखणे आहे. दर महिन्याचे पैसे कार्डातून किंवा यूपीआय ऑटोपेतून आपसूक जातात, पण खात्यात शिल्लक नसली किंवा कार्ड बदलले की हप्ता अडकतो. मग ओटीपी लागतो. तो येतो इथल्या सिमवर, आणि सिमला समुद्रात रेंज नसते. म्हणून मी बोटीवर जाणाऱ्यांना वर्षाचेच पैसे भरायला सांगतो.

आता चोरीच्या मुद्द्याकडे येतो. अशा डाउनलोडचे स्वरूप काय, यावर मुंबई उच्च न्यायालयात एक खटला झाला आहे. टिप्स या संगीत कंपनीने विंक म्युझिक या ॲपविरुद्ध तो लावला होता. 2019 च्या निकालात न्यायालयाने ऐकणे, कायमचे विकणे आणि वर्गणी चालू असेपर्यंत साठवू देणे या गोष्टी वेगळ्या धरल्या, आणि वर्गणीपुरती साठवण हे व्यावसायिक भाडे मानले. 2022 मध्ये खंडपीठानेही टिप्सच्या बाजूने आलेला तो निकाल कायम ठेवला. वाद दोन कंपन्यांमधला होता, पण ग्राहकाला त्यातून कळते ते एवढेच की आपण भाडेकरू आहोत. खुद्द विंक 2024 मध्ये बंद झाले. ॲपच नाही म्हटल्यावर त्यात उतरवलेल्या गाण्यांचे परवाने ताजे कोण करणार?

भाड्याला माझी हरकत नाही. महिन्याच्या थोड्या पैशांत एवढा मोठा खजिना मिळतो, त्याला काही अट असणारच. माझी हरकत मुदत लपवण्याला आहे. नेटफ्लिक्सवर उतरवलेल्या सिनेमाची मुदत सात दिवसांच्या आत आली, की किती दिवस उरले ते तिथेच लिहून येते. गाण्यांच्या ॲपमध्ये मी तरी असे काही पाहिलेले नाही. परवान्यावर तारीख असतेच, ॲप ती दर वेळी वाचतेच. ती पडद्यावर दाखवायला कोणते तंत्रज्ञान लागणार आहे? डाउनलोडच्या यादीवर 'अमुक तारखेपर्यंत वाजेल' एवढी एक ओळ हवी, आणि तारीख पाच दिवसांवर आली की सूचना. शिवाय वर्षाचे पैसे आगाऊ भरणाऱ्याला 60 किंवा 90 दिवसांची मुदत निवडता यावी. त्याने पैसे बुडवून पळून जाण्याचा प्रश्नच नाही, पैसे आधीच पोचलेले आहेत. वाजण्याच्या नोंदी महिनाभर उशिरा पोचतील एवढेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपमधल्या फसव्या मांडणीविरुद्ध 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. अशा लपवलेल्या मुदतीकडेही त्यांनी बघावे.

तोवर लांब जाणाऱ्यांनी निघायच्या दिवशी आणि प्रत्येक बंदरात ऑफलाइन मोड बंद करून ॲप उघडावे, एखादे गाणे लावून बघावे. फोनची तारीख हाताने मागे-पुढे करण्याचा उद्योग करू नये. ॲप घड्याळाचा खेळ ओळखते आणि उरलेली मुदतही जायची शक्यता असते. आणि जी पाच-पन्नास गाणी कुठल्याही परिस्थितीत हवीतच, ती विकत घ्यावीत. ॲपलच्या आयट्यून्स दुकानात विकत मिळणारी गाणी 2009 पासून कुलपाविना येतात, जुन्या सीडीवरूनही फाइल करून ठेवता येते. आमच्याकडच्या काही घरांतून मुलाच्या बॅगेत आता सारेगामाचा 'कारवां' जातो. जड आहे, चार्जर वेगळा लागतो, हवे ते गाणे शोधायला वेळ जातो. पण त्यातली गाणी आतच भरलेली असल्याने अटलांटिकमध्येही वाजतात.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक मोबाइल दुकानदार,
देवगड, जि. सिंधुदुर्ग