सासूबाईंच्या पेन्शनचा अर्ज

पुणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल विहीणबाईंकडे कोथरूडला जाऊन आलो. बँकेत पेन्शनच्या टेबलावर इतकी वर्षं काढली, म्हणून सगळे कागद स्वतः पाहिले.

व्याही केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीचं नाव आहे. त्यामुळे अर्ज थेट बँकेत द्यायचा. पेन्शनचं खातं दोघांचं संयुक्त आहे, नवं उघडायची गरज नाही. हे खातं कुणाच्या सांगण्यावरून बंद मात्र करू नका.

मृत्यूचा दाखला महापालिकेकडून मिळाला आहे. त्याच्यासोबत पीपीओची प्रत, सासूबाईंचं आधार, पॅन, फोटो, पासबुकाची प्रत आणि जास्त रक्कम जमा झाल्यास परत करण्याचं हमीपत्र द्यायचं. जन्मतारखेचा पुरावा आठवणीने जोडा, कारण ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणारी २० टक्के वाढ त्या तारखेवरच ठरते.

अडचण एकच आहे. पीपीओवर ‘लता’ आणि आधारवर ‘स्नेहलता’. असे अर्ज परत येताना मी फार पाहिलेत, आणि त्या बाईंना पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं याचं मला वाईट वाटायचं. म्हणून हा फरक आपणच आधी सांगायचा. पत्र असं लिही:

“मा. शाखा व्यवस्थापक,
विषय : कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याबाबत, पीपीओ क्र. …
माझे पती श्री. … यांचे १२ ऑगस्ट रोजी निधन झाले. त्यांचे निवृत्तिवेतन आपल्या शाखेतील आमच्या संयुक्त खाते क्र. … मध्ये जमा होत असे. १३ ऑगस्टपासून मला देय असलेले कुटुंब निवृत्तिवेतन याच खात्यात जमा करावे, ही विनंती. पीपीओवरील ‘लता’ व आधारवरील ‘स्नेहलता’ ही दोन्ही नावे माझीच आहेत. तसे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.”

खाली सही, पत्ता, मोबाइल आणि जोडलेल्या कागदांची यादी. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आता रकमेचं. व्याह्यांचा शेवटचा मूळ पगार ६०,००० होता, मूळ पेन्शन ३०,०००. ते ६४व्या वर्षी गेले. कुटुंब पेन्शनचा वाढीव दर, म्हणजे पगाराच्या ५० टक्के, सात वर्षं किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर मिळतो. म्हणजे साधारण तीन वर्षं ३०,००० आणि मग पगाराच्या ३० टक्के, १८,०००. महागाई भत्ता वेगळा. व्याह्यांनी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते, त्याची कपात मात्र कुटुंब पेन्शनमधून होत नाही. पहिली रक्कम आली की एवढं तपासून बघ.

ऑगस्टअखेर पूर्ण महिन्याची पेन्शन जमा झालेली आहे. त्यातली १२ तारखेपर्यंतची व्याह्यांची, पुढची बँक हिशेबात वळती करेल. तोवर त्या पैशांना हात लावू देऊ नकोस. घरखर्चाला काही कमी पडत असेल तर मला सांग, मी आहे.

तुझे,
बाबा