निकालांच्या तक्त्यात ‘डायल्युटेड ईपीएस’ही छापा

मा. संपादक,
स. न.

तिमाही निकालांच्या हंगामात आपल्या अर्थविषयक पानावर कंपन्यांच्या नफ्याचा तक्ता येतो. त्यात प्रति शेअर मिळकतीचा, म्हणजे ईपीएसचा, एकच रकाना असतो आणि त्यात ‘बेसिक’ आकडा दिलेला असतो. कंपन्या शेअर बाजाराला जो निकाल कळवतात त्याच्या तळाशी मात्र ‘बेसिक’ आणि ‘डायल्युटेड’ असे दोन आकडे असतात. आपल्याकडे छापताना दुसरा गळतो. लेखापरीक्षणाच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून सांगतो, निवड करायचीच असेल तर पहिला गाळा आणि दुसरा ठेवा.

बेसिक आकडा काढणे सोपे आहे. समभागधारकांच्या वाट्याला आलेला नफा भागिले त्या काळातले सरासरी शेअर. पण पुष्कळ कंपन्यांनी उद्या शेअर देण्याचे शब्द आजच देऊन ठेवलेले असतात. कर्मचाऱ्यांना ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचे हक्क, दिलेले असतात, गुंतवणूकदारांना पुढे शेअर होऊ शकणारे परिवर्तनीय कर्जरोखे विकलेले असतात. हे शब्द पाळले गेले असते तर तोच नफा किती जणांत वाटला गेला असता, हे डायल्युटेड आकडा सांगतो. आपल्याकडे त्याचे नियम ‘इंड एएस ३३’ या लेखामानकात आहेत.

एक कल्पित कंपनी घेऊ. नफा १०० कोटी रुपये, शेअर १० कोटी, म्हणजे बेसिक ईपीएस १० रुपये. कर्मचाऱ्यांकडे १ कोटी ईसॉप आहेत आणि प्रत्येकावर १०० रुपये भरून एक शेअर घेता येतो. बाजारातला सरासरी भाव २५० रुपये. शिवाय कंपनीने ८ टक्के व्याजाचे २०० कोटींचे कर्जरोखे विकले आहेत आणि धारकाची इच्छा असेल तर त्यांचे २ कोटी शेअर होऊ शकतात.

आधी ईसॉप. सगळा १ कोटीचा आकडा भाजकात घालत नाहीत. कर्मचाऱ्यांनी पैसे भरले असते तर कंपनीकडे १०० कोटी आले असते. त्या पैशांतून कंपनीने २५० रुपयांच्या भावाने आपलेच शेअर घेतले असे मानतात. ते भरतात ४० लाख. उरलेले ६० लाख शेअर कंपनीने जणू फुकट दिले, आणि तेवढेच भाजकात वाढतात. (प्रत्यक्षात ईसॉपचा जो खर्च अजून हिशेबात धरायचा राहिला आहे तोही त्या १०० रुपयांत मिळवतात. तो इथे सोडून देतो.)

कर्जरोख्यांची रीत वेगळी आहे. त्यांचे शेअर झाले असते तर व्याज द्यावे लागले नसते. १६ कोटींचे व्याज, २५ टक्के कर धरून वाचले असते १२ कोटी. म्हणून नफ्यात १२ कोटी वाढवायचे आणि शेअरमध्ये २ कोटी. नफा ११२ कोटी, शेअर १२ कोटी ६० लाख, डायल्युटेड ईपीएस ८ रुपये ८९ पैसे. २५० रुपये भावाला बेसिकवर पी/ई, म्हणजे भाव भागिले ईपीएस, २५ दिसतो, डायल्युटेडवर २८ च्या वर जातो. तक्ता पाहून ‘शेअर स्वस्त आहे’ म्हणणाऱ्याला हा फरक कळायला नको का?

आता एक खाचाखोचीची गोष्ट, जी निकालाच्या बातम्यांत मला कधी दिसली नाही. समजा नफा तोच राहिला, पण पडत्या बाजारात सरासरी भाव ९० रुपयांवर आला. ९० चा शेअर १०० रुपये भरून कोण घेईल? म्हणून ते ईसॉप हिशेबातून अजिबात वगळले जातात. उरतात कर्जरोखे. ११२ कोटी भागिले १२ कोटी, म्हणजे ९ रुपये ३३ पैसे. नफा एका पैशानेही वाढला नाही आणि डायल्युटेड ईपीएस ४४ पैशांनी सुधारला. भाव वर गेला की पुन्हा उलटे. तेव्हा दोन वर्षांचे डायल्युटेड आकडे शेजारी मांडून ‘वाढ झाली’ लिहिण्याआधी मधल्या काळात भाव कुठे होता ते पाहावे.

ज्या ईसॉपवर नाममात्र १ रुपया भरायचा असतो त्यांना मात्र हे लागू नाही. १ कोटी ईसॉपवर कंपनीला मिळतात फक्त १ कोटी रुपये, त्यात २५० च्या भावाने ४० हजार शेअर येतात, आणि ९९ लाख ६० हजार शेअर थेट भाजकात जातात. ते देणे भाव कितीही पडला तरी आकड्यात दिसत राहते. म्हणून ईसॉप किती दिले याइतकेच ते कोणत्या किमतीला दिले हेही महत्त्वाचे.

नियमाची खरी मर्यादा तोट्यातल्या कंपनीत दिसते. वरच्याच कंपनीला १०० कोटींचा तोटा झाला तर प्रति शेअर तोटा १० रुपये. ६० लाख शेअर वाढवले तर तो ९ रुपये ४३ पैशांवर येतो, म्हणजे स्थिती सुधारल्यासारखी दिसते. मानक अशी ‘सुधारणा’ दाखवू देत नाही. ज्या ईसॉपमुळे किंवा रोख्यांमुळे तोटा कमी दिसेल ते मोजायचेच नाहीत. त्यामुळे तोट्यातल्या कंपनीच्या दोन्ही ओळींत बहुधा तोच आकडा असतो. वाचक समजतो, पुढे वाटेकरी वाढणार नाहीत. पेटीएमची मालक कंपनी वन९७ कम्युनिकेशन्स नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आली. तिच्या संस्थापकांना दिलेले २.१ कोटी ईसॉप त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये सोडून दिले, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. पण त्याआधीच्या तोट्याच्या वर्षांत डायल्युटेड ईपीएसच्या ओळीवरून त्या ईसॉपचा अंदाज कोणालाही बांधता आला नसता. यात कंपनीने काही लपवले असे नाही. नियमच तसा आहे, आणि ईसॉपची माहिती वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये असते.

अशी कंपनी नफ्यात आली की इतके दिवस बाहेर उभे असलेले ईसॉप एकदम भाजकात शिरतात. पहिल्या नफ्याच्या तिमाहीत बेसिक आणि डायल्युटेडमध्ये अचानक फट दिसली तर नवे काही घडले असे समजू नये.

सक्तीने रूपांतर होणारे रोखे वेगळे. त्यांचे शेअर होणारच असल्याने ते करार झाल्या दिवसापासून बेसिकमध्येच धरतात.

आपल्याला विनंती एवढीच, की तक्त्यात डायल्युटेडचा रकाना घालावा आणि पी/ई त्यावरून काढावा. तिमाहीचा ईपीएस वार्षिक केलेला नसतो, म्हणून पी/ईसाठी मागच्या चार तिमाहींचा आकडा धरावा. जी कंपनी तोट्यात आहे तिच्या नावापुढे एक फुली मारून तळाला लिहावे, ‘न वापरलेले ईसॉप या आकड्यात नाहीत’. जागा कमी पडत असेल तर ५२ आठवड्यांतला नीचांकी भाव काढून टाका, तो मोबाइलवर कुठेही मिळतो.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, सांगली