फ्रिजमधून काढलेले केफिरचे दाणे

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, दाणे मेले वाटतं. चोवीस तास झाले तरी दूध दह्यासारखं लागलंच नाही." इतक्यात तसं ठरवू नकोस. दिवाळीला जोडून तू तीन आठवडे बाहेर होतीस, तेवढे दिवस ते फ्रिजमध्ये होते. इतक्या दिवसांनी बाहेर काढले की पहिल्या दिवशी दूध न लागणं हेच नेहमीचं आहे. फोनवर बोललेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घे. दह्याचं विरजण बिघडलं तर शेजारून वाटीभर आणता येतं, केफिरचं तसं नाही. तयार केफिर चमचाभर दुधात घातलं तर एक-दोन वेळा दूध लागेल, पण त्यातून नवे दाणे तयार होत नाहीत. दाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि यीस्ट असे दोघेही एकत्र राहतात, आणि ज्या चिकट पदार्थाने ते एकमेकांना धरून असतात तो केफिरान त्यांच्यातलेच काही जिवाणू तयार करतात. त्यामुळे जपायचा तो दाणा.

आता तुझ्या बरणीचं बघू. तुझे दाणे साधारण एक टेबलस्पून आहेत. ज्या दुधात ते तीन आठवडे होते ते गाळून टाकून दे. ते फार आंबलेलं असेल, पिण्यात अर्थ नाही. दाणे धुऊ नकोस. काचेच्या बरणीत फक्त दीडशे मिली दूध घे, तापवून पूर्ण गार केलेलं, आणि त्यात दाणे सोड. बोट बुडवलं तर कोमटसुद्धा लागता कामा नये. वर सुती फडकं बांध आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेव, गॅसपासून लांब, उन्हात नको.

दूध एवढं कमी का, तर थंडीत पडून राहिलेले दाणे अशक्त असतात. अर्धा लिटर दूध दिलंस तर त्यांना ते आंबवायला दोन दिवस लागतील, आणि आंबट न झालेलं दूध बाहेर तितका वेळ राहिलं की नको ते जंतू त्यात आधी वाढतात. म्हणूनच चोवीस तासांनी दूध लागलं असो वा नसो, गाळायचं आणि नवं दीडशे मिली द्यायचं. "अजून थोडं ठेवून बघते" असं करू नकोस. न लागलेलं दूध टाकून द्यायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, पण पहिले दोन-तीन दिवस तेवढं सोडून दे.

बहुतेक वेळा असं होतं: पहिल्या दिवशी दूध जवळजवळ जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी थोडं दाटसर, वास ब्रेडसारखा किंवा बिअरसारखा. त्या वासाने घाबरू नकोस, यीस्ट पुढे गेलेलं असतं आणि आंबटपणा मागून येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी हलवली की दूध एकसंध हलेल, दाण्यांभोवती पिवळट पाण्याच्या छोट्या रेषा दिसतील आणि वास स्वच्छ आंबट येईल. तेव्हापासूनचं केफिर प्यायचं. मग दर वेळी पन्नास-शंभर मिलीने दूध वाढव. एकदम नेहमीच्या अर्ध्या लिटरवर जाऊ नकोस. आठवडाभर रोज दूध बदलूनही आंबट वासच आला नाही, तर मात्र ते दाणे गेले असं समज आणि माझ्याकडून घेऊन जा.

धुण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तू दर वेळी गाळणीत धरून नळाखाली धुतेस असं म्हणालीस. ते आजपासून बंद कर. आपल्याकडे महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि तुमच्या बाणेरच्या सोसायटीत निम्मं पाणी टँकरचं. दोन्ही दाण्यांना नको. शिवाय दाण्यांवरचा जो बुळबुळीतपणा तुला अस्वच्छ वाटतो, तो केफिरान आहे. तो निरोगी दाण्याचाच असतो. रोज धुतलेले दाणे हळूहळू बारीक होत जातात आणि दूध लागायला वेळ घेतात.

मग धुवायचं कधी? दूध बाहेर फार वेळ राहून पाणी आणि चोथा पूर्ण वेगळा झाला असेल आणि दाण्यांना दह्याचे कडक गोळे चिकटले असतील तेव्हा. किंवा साय चिकटली असेल तेव्हा. हे आपल्याकडे फार होतं, कारण आपण दूध तापवतो. सायीसकट दूध ओतलं की ती दाण्यांना लपेटून बसते, दाणे पिवळट, तुपकट दिसतात आणि दूध नीट लागत नाही. तू ज्याला "पिवळे पडलेत" म्हणत होतीस ते बहुधा हेच असावं. अशा वेळी वाटीत थोडं गार दूध घ्यायचं, दाणे त्यात हलक्या हाताने फिरवायचे आणि ते दूध टाकून द्यायचं. पाणी वापरायचंच असेल तर उकळून गार केलेलं, तेही क्वचित. आणि यापुढे दूध गाळून, साय काढूनच घाल. गाईच्या दुधात दाणे थोडे पिवळसरच दिसतात, म्हशीच्या दुधात पांढरे. तेवढ्या फरकाला आजार समजू नकोस.

दाणा अशक्त झाला आहे का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. हात स्वच्छ धुऊन एक दाणा चिमटीत धर आणि हलकेच दाब. चांगला दाणा फ्लॉवरच्या बारीक तुऱ्यासारखा दिसतो, दाबल्यावर रबरासारखा परत उभा राहतो. अशक्त दाणा दाबला की पसरतो, बोटाला लगदा लागतो, किंवा गाळताना त्याचे तुकडे होऊन जाळीतून खाली जातात. दुसरी खूण वेळेची. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या हवेत एक टेबलस्पून दाण्यांनी अर्धा लिटर दूध साधारण एका दिवसात लागायला हवं. तेच दूध त्याच हवेत दीड-दोन दिवस घेऊ लागलं, आणि असं लागोपाठ होत राहिलं, तर दाणे थकले आहेत. मात्र डिसेंबरात रात्री पुण्यात पारा बारा-तेरापर्यंत खाली येतो, तेव्हा दीड दिवस लागणं साहजिक आहे. तो दोष दाण्यांचा नाही. दाणे वर तरंगतात की तळाशी बसतात, यावरूनही काही ठरवू नकोस. आत वायू अडकला की ते वर येतात, एवढंच.

थकण्याचं मोठं कारण थंडीपेक्षा उन्हाळ्यात सापडतं. एप्रिल-मेमध्ये तुझ्या वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दूध दहा-बारा तासांतच लागतं. तू सकाळी लावून ऑफिसला जातेस आणि रात्री उशिरा येतेस, तोवर दाणे आंबट पाण्यात उपाशी बसलेले असतात. रोज असं झालं की ते लगदा होऊ लागतात. त्या दिवसांत रात्री झोपताना लाव आणि सकाळी निघायच्या आधी गाळ, किंवा दाणे निम्मे करून दूध तेवढंच ठेव.

आता परत बाहेरगावी जाशील तेव्हाचं. दाणे गाळल्यावर त्याच आंबट केफिरमध्ये फ्रिजात ठेवू नकोस, तिथे त्यांना खायला काही उरलेलं नसतं. ताजं दूध दे, एका टेबलस्पूनला अडीचशे-तीनशे मिली. काचेची बरणी घे, वर थोडी जागा सोड, झाकण लाव पण आवळू नकोस, कारण थंडीतही थोडा वायू होत राहतो. झाकण नसेल तर फ्रिजमधल्या कांद्या-लसणाचा वास दुधाला लागतो. बरणी दारात ठेवायची नाही, तिथे सारखी ऊब लागते. फ्रीझरला चिकटूनही नको, दूध गोठेल. मधल्या कप्प्यात मागे ठेव. गुरुवारी देखभालीसाठी लाईट गेली तरी चिंता नको, फक्त दार उघडू नकोस.

असे ठेवलेले दाणे आठवडा-दहा दिवस मजेत राहतात. त्यापुढे जायचं असेल तर कुणाला तरी मधे दूध बदलायला सांग. मला सांगितलंस तर मी येऊन बदलून जाईन. दोन-तीन आठवडे न बदलता राहिले तरी ते सहसा जगतात, पण मग परत आल्यावर वर लिहिलेलं सगळं करावं लागतं.

काही खुणांवर मात्र कुठलाच उपाय नाही. दाण्यांवर किंवा दुधावर गुलाबी, केशरी, हिरवा किंवा काळा डाग दिसला, कापसासारखी लव आली, किंवा आंबट न येता सडल्याचा वास आला, तर सगळं टाकून दे. धुऊन, घासून वाचवायला जाऊ नकोस आणि चव घेऊन बघूही नकोस. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घे. नुसता पातळ पांढरा, सपाट पापुद्रा दुधावर आला असेल, लव नसेल, तर तो बहुतेक यीस्टचा असतो. तो काढून टाक, ते दूधही टाक, दाणे गार दुधात फिरवून घे आणि पुढचे काही दिवस लवकर गाळत जा.

एवढ्यासाठीच थोडे दाणे वेगळे राखून ठेव. दाणे वाढून जास्त झाले की त्यातले दोन चमचे दाणे घे आणि आधी उकळून गार केलेल्या पाण्यात विसळ. इथे धुणं योग्य आहे, कारण दूध राहिलं तर ते सुकताना खराब होतं. मग स्वच्छ कागदावर, पंख्याच्या वाऱ्याला, उन्हात न ठेवता, कडक होईपर्यंत दोन-चार दिवस सुकव. वरून जाळीदार फडकं टाक. सुकले की पिवळे आणि बारीक दिसतील, ते तसेच दिसतात. थोड्या दूध पावडरीत घोळवून घट्ट डबीत भर आणि फ्रिजमध्ये ठेव. डबीवर तारीख लिही. काही महिने ते टिकतात. परत चालू करताना सुरुवात शंभर मिली दुधाने कर आणि आठवडाभराचा धीर धर.

पितळेची गाळणी वापरू नकोस, स्टीलची चालेल.

तुझी,
आई