पुस्तिकेसाठी अभंग कडव्यांत मांडताना : टंकन करणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

सलग टाइप झालेल्या मजकुरात आधी उभ्या रेघा बघा. निम्म्या ठिकाणी ॥ असतो, निम्म्या ठिकाणी ||. लिबरऑफिसच्या शोधा-बदला खिडकीत ‘Regular expressions’ बंद ठेवून || च्या जागी ॥ करा. मग तो पर्याय चालू करून हे द्या :

```
शोधा: ॥ *([०-९]+|धृ\.?) *॥ *
बदला: ॥$1॥\n
```

प्रत्येक कडवे वेगळ्या परिच्छेदात येईल. क्रम उलटा केलात तर || असलेली कडवी चिकटूनच राहतात.

कडव्यातली ओळ मात्र हातानेच तोडा, Shift+Enter ने. मोठ्या अभंगाचे चार चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते. अक्षर मोजताना जोडाक्षर एकच धरा. दोन चरण वर, दोन खाली. यमक पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आले, तर तोड बरोबर.

संरेखन डावीकडे ठेवा. ‘Justified’ असेल तर तोडलेली ओळ ताणली जाऊन शब्दांत भगदाडे पडतात.

ध्रुपद एकदाच पूर्ण छापा. पुढे प्रत्येक कडव्याखाली त्याचा पहिला शब्द आणि ॥धृ॥ एवढे पुरे.