चालकाचा तो एक फोन

‘रुग्णवाहिका वाड्यावस्त्यांवर वेळेत पोहोचत नाहीत’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. तक्रार खोटी नाही. पण गेल्या आठवड्यात भोर तालुक्यातील आमच्या वाडीवर वेगळा अनुभव आला.

रात्री दोनच्या सुमारास वडिलांच्या छातीत कळा येऊन दम लागला. १०८ ला फोन केला. गाडी निघताच चालकाने स्वतःहून आम्हाला फोन केला. त्याने पत्ता विचारलाच नाही, कारण वाडीला पाटी नाही आणि मोबाइलवरचा नकाशा ओढ्यापाशीच संपतो. ‘डांबरी रस्ता सोडायचा कुठे? तिथे कुणाला तरी बॅटरी घेऊन उभं करा. काकांना चालवत आणू नका, टेकून बसवून ठेवा,’ एवढेच तो म्हणाला. धाकटा भाऊ फाट्यावर गेला. अर्ध्या तासाच्या आत गाडी दारात होती. स्ट्रेचर काढण्याआधी चालकाने अरुंद बोळात गाडी वळवून तोंड रस्त्याकडे केले; डॉक्टर वडिलांना तपासत होते तेव्हा गाडी निघायला तयार होती. वडील आता घरी आहेत.

त्या चालकाचे आणि डॉक्टरांचे मनापासून आभार. पैसे देऊ केले, तर ‘सेवा मोफत आहे’ म्हणून त्याने हात जोडले. रात्री वाट चुकण्यात जाणारा वेळ अशा एका फोनने वाचतो. तो चालकाच्या मर्जीवर न सोडता प्रत्येक फेरीत सक्तीचा करावा आणि ग्रामपंचायतींनी फाट्यांवर रात्री चमकणाऱ्या पाट्या लावाव्यात.

– एक कुटुंब, ता. भोर, जि. पुणे