तक्रार: साडी गेली, पैसे गेले, वर 590 रुपये दंड

नोडल ऑफिसर साहेब,

आत्ताच तुमच्या पेमेंट गेटवेच्या सपोर्टचा सहावा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. तिकीट नंबर देत नाही, चार आहेत, चारही "रिझॉल्व्ड" दिसतायत.

येवल्यातलं आमचं छोटं दुकान, ऑनलाइन महिन्याला साधारण चाळीस ऑर्डर. पुण्याच्या एका बाईंनी 14,500 ची पैठणी घेतली, क्रेडिट कार्ड, ओटीपी टाकून. साडी पोचली. पोचली हे मी म्हणत नाही, त्यांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "साडी मिळाली, पदर मस्त आहे, फॉल-पिको कुठून करून घेऊ?" पाच आठवड्यांनी तुमचा मेल, चार्जबॅक, म्हणजे बाईंनी त्यांच्या बँकेकडून पैसे परत मागितले, कारण व्हिसाचा 13.1, म्हणजे माल मिळालाच नाही. आणि त्याच दिवशीच्या सेटलमेंटमधून 14,500 कापलेले, निकाल लागायच्या आधीच!

तुमची मुदत सात दिवसांची, मी तिसऱ्या दिवशी सगळं अपलोड केलं. बिल, पत्ता, कुरियरची सहीवाली पावती, तिच्यावर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख, आणि तो फॉल-पिकोचा स्क्रीनशॉट. तरी केस हरलो. बँकेला नक्की काय पाठवलंत ते बघायला तीन फोन करावे लागले, मग दोन पानांची पीडीएफ आली. पहिल्या पानावर ओटीपीचा लॉग, दुसऱ्या पानावर ट्रॅकिंगची लिंक. बस्स. सहीची पावती नाही, स्क्रीनशॉट नाही.

अहो, ओटीपी कामाला येतो तो "हे पेमेंट मी केलंच नाही" म्हणणाऱ्यासमोर. या बाई पेमेंट नाकारतच नव्हत्या, साडी मिळाली नाही म्हणत होत्या! तिथे ओटीपी दाखवून काय होणार, तिथे पाहिजे पोच. आणि बँकेतला माणूस तुमची लिंक उघडून कुरियरच्या साइटवर शोधत बसेल असं कुणाला वाटलं? हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही, तुमचा धंदाच हा आहे.

आता तो फोन. कालचा, पाचवा. मी म्हटलं पुन्हा कागद पाठवा. पलीकडचा पोरगा म्हणाला, "सर, उत्तर एकदाच जातं, आता काही जोडता येत नाही." ठीक. मग म्हणाला, "तुम्ही कस्टमरला रिफंड करून टाका ना सर, म्हणजे डिस्प्यूट क्लोज होईल." मी दोन सेकंद गप्प. म्हटलं, दादा, 14,500 तिच्या बँकेने तिला दिलेत, ते माझ्याकडून कापलेत. वर मी रिफंड केला तर तिला 29,000 मिळतील आणि साडीही तिच्याचकडे. तर म्हणतो, "हो सर, पण कस्टमर एक्सपीरियन्स चांगला राहतो." कुणाचा?? त्या बाईंचा राहील, नक्की राहील! नंतर होल्डवर टाकलं, अकरा मिनिटं बासरी ऐकली, फोन कट.

हिशोब सांगतो. विक्रीच्या वेळी 2 टक्के तुमची फी म्हणजे 290, त्यावर जीएसटी 52.20, हातात आले 14,157.80. कापले मात्र पूर्ण 14,500, म्हणजे ते 342.20 परत नाहीत. वर डिस्प्यूट फी 500 आणि जीएसटी, 590. एकूण 932.20 खिशातून, आणि पैठणी गेली ती वेगळीच, विणायला महिनाभर लागलेली.

एवढ्यावर थांबला असतात तरी गिळलं असतं. या सोमवारी मेल आला, डिस्प्यूट रेशो वाढला म्हणून आता दर 2.5 टक्के आणि प्रत्येक सेटलमेंटचे 10 टक्के 180 दिवस अडकवून ठेवणार. चाळीस ऑर्डरमध्ये एक डिस्प्यूट म्हणजे अडीच टक्के, हे गणित पोरंही करतात, पण मोठ्या दुकानाच्या चार हजार ऑर्डरमध्ये तोच एक दिसतही नाही. आणि या रेशोत जिंकलेला डिस्प्यूटही धरतात, हे मला पाचव्या फोनवर कळलं. म्हणजे तुम्ही बरोबर कागद पाठवून जिंकला असतात तरी दर वाढलाच असता? मग पुरावे मागता कशाला!

कागद तिसऱ्या दिवशी दिले होते, परत सांगतो, तिसऱ्या दिवशी.

माझं म्हणणं साधं आहे. पाठवायचं राहिलं ते तुमच्याकडून, तेव्हा 14,500 आणि 590 तुमच्या खिशातून द्या, 2.5 टक्के मागे घ्या, अडकवलेले 10 टक्के सोडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तुमच्यासारख्या पेमेंट अ‍ॅग्रीगेटरने डिस्प्यूट हाताळायची पद्धत जाहीर करून नोडल ऑफिसर नेमायचा आहे, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. दहा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर ती दोन पानांची पीडीएफ तुमच्या अ‍ॅक्वायरिंग बँकेला पाठवतो आणि गेटवे बदलतो. आमच्या गल्लीत अजून नऊ दुकानं तुमच्यावर आहेत, मीच आणली होती सगळी.

आणि हो, फोन नका करू, मेलच करा.