टेरेस वॉटरप्रूफिंग : फ्लॅटमागे 18,250 रुपये कसे आले

सर्व सभासदांना नमस्कार,

परवाच्या मीटिंगला निम्मे लोक नव्हते आणि तेव्हापासून जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातोय, की एवढे पैसे कशाचे? म्हणून सगळा हिशोब एकदाच लिहून टाकतो.

गेल्या रविवारी मी, खजिनदार आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका टेप घेऊन गच्चीवर गेलो. पॅरापेटच्या आतून मोजली तर लांबी 62 फूट, रुंदी 41 फूट, म्हणजे 2,542 चौरस फूट. मधल्या जिन्याच्या खोलीने 14 बाय 11 म्हणजे 154 फूट जागा खाल्लीय ती वजा केली, पण त्या खोलीचा स्लॅबही गळतोच, म्हणून तेवढेच 154 परत मिळवले, आकडा पुन्हा 2,542 वर. टाकी खांबांवर आहे, तिच्याखालीही कोबा करायचाय, त्यामुळे ती वजा नाही.

आता भिंतीलगतची गोलाई, मिस्त्री लोक तिला वाटा म्हणतात. भिंत आणि स्लॅब मिळतात तिथेच पाणी आधी शिरतं, म्हणून प्लास्टर भिंतीवर फूटभर वर चढवायचं असतं. पॅरापेटची आतली फेरी 206 फूट आणि जिन्याच्या खोलीची बाहेरून 50, एक फूट उंचीने 256 चौरस फूट. एकूण 2,798.

कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये मात्र 3,200 होते! विचारलं तर म्हणाला बिल्डिंगच्या बाहेरच्या मापाने धरलंय, म्हणजे पॅरापेटची जाडी, खालच्या बाल्कन्या सगळं आत. शिवाय जुना कोबा तोडायचा रेटही त्याने 3,200 वरच लावलेला, तोडायचंय फक्त 2,542. टेप दाखवल्यावर तयार झाला. जीएसटी धरून साधारण 79 हजार वाचले (टेपची किंमत वसूल झाली म्हणायची).

नवीन ब्रिकबॅट कोबा आणि वाटा 2,798 गुणिले 115 म्हणजे 3,21,770. जुना कोबा तोडणं आणि राडारोडा खाली नेऊन टाकणं 2,542 गुणिले 32 म्हणजे 81,344. पाण्याच्या पाइपांची चार तोंडं बदलायची 10,000. बेरीज 4,13,114, त्यावर 18 टक्के जीएसटी, सगळे मिळून 4,87,475. दुरुस्ती फंडातून 1,95,475 देतोय, उरले 2,92,000, भागिले 16 फ्लॅट. आपले सगळे फ्लॅट एकाच मापाचे आहेत म्हणून सरळ समान वाटणी.

काही जण म्हणाले वरून केमिकल कोट मारा, स्वस्तात होईल. मलाही आधी तेच वाटत होतं. पण हातोडीने ठोकून बघितलं तर निम्म्याहून जास्त ठिकाणी पोकळ आवाज येतो, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा, पाऊस थांबून चार दिवस झाले तरी सीलिंगमधून थेंब पडतच असतात. म्हणजे पाणी जुन्या कोब्याच्या विटांमध्ये साठून बसलंय आणि त्यावर कोट मारला तर ते आतच कोंडून राहणार, मग स्लॅबची सळई गंजेल. जुन्यावरच नवीन कोबाही चालणार नाही, स्लॅबवर दुप्पट वजन येतं.

तळमजल्यावाल्यांचा प्रश्न, आमच्याकडे गळत नाही मग आम्ही का द्यायचे? गच्ची सगळ्यांची आहे, आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असं आदर्श उपविधीतच आहे. उद्या तळमजल्याशेजारची ड्रेनेज लाइन फुटली तर चौथा मजलाही पैसे भरणारच.

काम एप्रिलमध्येच संपवावं लागेल. कोबा झाल्यावर आठवडाभर तरी क्युरिंग, मग तोंडं बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटमध्ये ओल येते का बघायची. ढाळ शंभर फुटाला एक फूट ठरवलाय, म्हणजे पाइपच्या तोंडापासून तीस फूट लांबच्या कोपऱ्यात कोबा साडेतीन इंच जास्त जाड दिसेल, ते बघून कोणी मिस्त्रीशी भांडू नका प्लीज. फायनल बिल काम झाल्यावर पुन्हा मोजून, आणि दहा टक्के पावसाळा संपल्यावरच द्यायचे असं करारात लिहून घेतलंय.

तर विनंती अशी की पहिले 10,000 या महिनाअखेरपर्यंत आणि उरलेले 8,250 पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत सोसायटीच्या खात्यात भरा, चेक किंवा ऑनलाइन, कॅश नको. दोन-तीन घरांना एकदम जमणार नाही हे मला माहितीय, त्यांनी मला किंवा खजिनदारांना येऊन सांगा, हप्ते करून देऊ, कोणाचं नाव बोर्डवर लागणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी पुढच्या सहा महिन्यांचा मेंटेनन्स आत्ताच अ‍ॅडव्हान्स भरला तर हप्तेवाल्यांमुळे काम अडणार नाही.

मापाचा कागद नोटीस बोर्डवर लावलाय. कोणाला पटत नसेल तर टेप माझ्याकडेच आहे, शनिवारी संध्याकाळी वर या, परत मोजू.

आपला,
सेक्रेटरी